बॉटला अंदाज बांधू देऊ नका, प्रश्न विचारायला शिकवा

आज माझ्याच दुकानातली चूक सांगते, म्हणजे तुमची टळेल.

मागच्या दिवाळीआधी आम्ही किराणा दुकानाच्या व्हॉट्सॲपवर एआय चॅटबॉट लावला. फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या एका ताईंनी रात्री मेसेज टाकला, "पोहे 5, साखर 2 किलो." बॉटने लगेच उत्तर दिलं, "5 किलो जाडे पोहे, 2 किलो साखर. ऑर्डर पक्की!" सकाळी माल घरपोच गेला. ताईंना चिवड्यासाठी पातळ पोहे हवे होते. त्यांचा अर्धा दिवस गेला आणि मला परत फेरी पडली, ती पण ऐन गर्दीत.

आता तुम्ही म्हणाल, बॉटने प्रकार लिहिला होता की, ताईंनी वाचायला नको? पण "ऑर्डर पक्की" दिसलं की माणूस पुढचं-मागचं वाचत नाही. प्रश्न आला तर मात्र थांबून उत्तर देतो. म्हणून कन्फर्मेशनचा मेसेज हा प्रश्नाला पर्याय नाही.

बॉटने असं का केलं?

असा बॉट सगळ्यात शक्य वाटणारं उत्तर तयार करतो. नुसतं पोहे म्हटलं तर कांदेपोह्यांचे जाडे पोहे, हा अंदाज तसा वाईट नव्हता. शिवाय मीच सूचनेत लिहिलं होतं, "ग्राहकाची ऑर्डर पटकन पूर्ण कर." म्हणजे विचारण्यापेक्षा उरकण्याकडे मीच त्याला ढकललं होतं.

मग मी एक ओळ वाढवली, "शंका आली तर विचार." फारसा फरक पडला नाही. कारण त्याला शंका येतच नव्हती! काउंटरवरच्या आपल्या पोऱ्याला माहीत असतं की पोह्यांचे तीन प्रकार आहेत. बॉटला ते नेमकं लिहून द्यावं लागतं.

मी सूचना कशी बदलली?

"पटकन पूर्ण कर" काढून टाकलं आणि त्या जागी हे टाकलं:

```
पोहे: जाडे / पातळ / भाजके
तेल: शेंगदाणा / सूर्यफूल / सोयाबीन
वरच्या वस्तूंचा प्रकार ग्राहकाने सांगितला नसेल
तर ऑर्डर पक्की करू नकोस. पर्याय देऊन विचार.
एका वेळी एकच प्रश्न विचार.
पोहे, साखर: नुसता आकडा असेल तर किलो धर.
```

शेवटची ओळ नीट बघा. सगळंच विचारायचं नाहीये. "पोहे 5" म्हणजे आमच्याकडे 5 किलोच, तिथे गृहीत धरलं तर चालतं. पण तेलाला मी ही सवलत दिली नाही. "तेल 5" म्हणजे पाच लिटरचा कॅन की एक लिटरच्या पाच पिशव्या? तिथे प्रकार कळल्यावर पॅकिंगही विचारायला सांगितलं. माझी कसोटी साधी आहे: दोन्ही अर्थ खरंच शक्य असतील आणि चुकलं तर माल परत येणार असेल, तर विचारायचं. नाहीतर गृहीत धरायचं आणि बिलाआधी एकदा दाखवायचं.

आता तोच मेसेज आला की बॉट लिहितो, "साखर 2 किलो घेतली. 5 किलो पोहे कोणते देऊ? जाडे, पातळ की भाजके?" कळलेलं धरून ठेवतो, अडलेलं तेवढंच विचारतो. व्हॉट्सॲपच्या बिझनेस एपीआयवर एका मेसेजमध्ये उत्तराची तीन बटणं देता येतात, त्यामुळे ताईंना टाईपसुद्धा करावं लागत नाही. पर्याय जास्त असतील तर यादीचा मेसेज वापरा, त्यात दहापर्यंत पर्याय बसतात.

इथे एक खड्डा आहे

पहिल्या दिवशी ताईंसारख्याच एका ग्राहकाने उत्तर दिलं, "पातळ." बॉट म्हणतो, "पातळ काय हवंय?" कारण प्रत्येक मेसेज त्याच्याकडे सुटा जात होता, आधीचं बोलणं सोबत जातच नव्हतं. बॉट बनवून देणाऱ्याला हे आधीच विचारून घ्या. आधीचं संभाषण पाठवलं जात नसेल तर प्रश्न विचारून उपयोग शून्य.

तुमचा गृहपाठ

जुने वीस खरे मेसेज काढा. दहा असे, जिथे तुम्ही स्वतः फोन करून विचारलं असतं. दहा एकदम स्पष्ट, जसं "पातळ पोहे 2 किलो". वीसही बॉटला पाठवा. पहिल्या दहात तो न विचारता पुढे गेला तर ती वस्तू सूचनेच्या यादीत घाला. दुसऱ्या दहात उगाच विचारत बसला तर यादीतून काहीतरी कमी करा, कारण प्रत्येक गोष्टीला प्रश्न आला तर ग्राहक वैतागून सरळ फोन लावतो. सूचना बदलली की वीसही मेसेज पुन्हा पाठवायचे, कारण एक दुरुस्त करताना दुसरं बिघडतं.

आणि दोनदा विचारूनही उत्तर कळलं नाही, तर तिसरा प्रश्न नको. बॉटने चॅट तुमच्याकडे द्यायची. तेवढा एक फोन आपणच करायचा.