पुस्तक-परीक्षणाची तपासणी : वऱ्हाडातील ‘न’ आणि ‘ण’

शुद्धलेखन-विचार : लेखांक सहावा

शाळेच्या वार्षिक अंकासाठी विद्यार्थ्याने लिहिलेले पुस्तक-परीक्षण छापखान्याकडे रवाना होण्यापूर्वी त्याची तपासणी कशी करावी, हा या लेखांकाचा विषय असून उदाहरणार्थ मेहकर किंवा खामगाव येथील नववीतील विद्यार्थ्याने ‘श्यामची आई’ या पुस्तकावर जसा मजकूर लिहावा, तसा एक नमुना या लेखासाठी मुद्दाम रचिला आहे. पुस्तकाची निवडही सहेतुक आहे. कारण या पुस्तकाचे कर्ते साने गुरुजी हे बुलढाण्याच्या शेजारच्या खानदेशात, अमळनेर येथील प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना वसतिगृहातील मुलांसाठी स्वहस्ते ‘छात्रालय’ नामक दैनिक लिहीत असत व पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिकही चालविले, त्यामुळे शालेय नियतकालिकाच्या मजकुराशी या पुस्तकाच्या लेखकाचा घरोबा फार निकटचा होता.

आता तो नमुना पाहावा. ‘पुस्तक परिक्षण. साने गुरूजींनी लिहीलेल्या शामची आई या पुस्तकाचे मी वाचण केले. त्यात कोकनातील गरीब कुटूंबाचे वर्नण आहे. आई गरीबीतही स्वाभीमान सोडत नाही पन शामला मारुन शिस्त लावते. पानापानातुन तीचे प्रेम दीसते.’

तपासणाऱ्याने लाल शाई हाती घेण्यापूर्वी पुस्तक समोर ठेवावे, हा पहिला शिरस्ता. मुखपृष्ठावर आणि आतील पानावर नाव ‘श्याम’ असे जोडाक्षराने छापलेले असते व मुलाने ते ‘शाम’ असे लिहिलेले असते. ही चूक शुद्धलेखनाची वाटली तरी वस्तुतः ती हवाल्याची चूक आहे आणि तिची रुजुवात पुस्तकाखेरीज अन्यत्र होत नाही. त्याच वेळी आशयाकडेही पाहून घ्यावे. आई मारून शिस्त लावते, हे विधान पुस्तकावर अन्याय करणारे आहे. कारण जो प्रसंग मुलाच्या मनात आहे तो बहुधा पोहण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आईने शिमटीने बाहेर काढल्याचा असावा, आणि मुलाला भित्रा म्हणून कोणी हिणवू नये ही त्या माराच्या पाठीमागची तळमळ सांगितल्यावाचून ते वाक्य पुरे होत नाही. तेव्हा या ठिकाणी अक्षर सुधारण्याऐवजी मुलाला बोलावून ‘हा प्रसंग नीट सांग’ असेच म्हणावे लागते.

यानंतर अक्षरांची तपासणी. आणि येथे बुलढाणा जिल्ह्याचे एक वैशिष्ट्य आड येते. वऱ्हाडी बोलीत ‘ण’चा उच्चार पुष्कळदा ‘न’ असाच होतो, त्यामुळे मूल जन्मापासून ‘पानी’, ‘कोन’, ‘पन’ असेच ऐकते व बोलते, आणि पाठ्यपुस्तकात ‘पाणी’ व ‘पण’ वाचते. एक मुलगा उच्चाराबरहुकूम ‘कोकन’ लिहितो. दुसरा, शिक्षकांच्या वारंवार दुरुस्तीने धास्तावलेला, जेथे ‘न’ आहे तेथेही ‘ण’ घालून ‘वाचण’ लिहितो. आणि ‘वर्णन’ या शब्दात दोन्ही अक्षरे असल्यामुळे त्यांची अदलाबदल होऊन ‘वर्नण’ असे विचित्र रूप जन्मास येते. वस्तुतः ह्या तिन्ही चुकांचे मूळ एकच आहे, ते हे की मुलाच्या कानाला भेद ऐकू येत नाही. म्हणूनच एकाने वाचावे व दुसऱ्याने मजकुरावर नजर ठेवावी, ही छापखान्यातील जुनी व अन्यथा उत्तम पद्धत येथे कुचकामी ठरते. वाचणारा व ऐकणारा दोघेही त्याच मातीतले असल्यास ‘वाचण’ उच्चारातून ‘वाचन’ होऊनच बाहेर पडते व चूक सहीसलामत सुटते.

कानाचा उपयोग नसला, तरी परीक्षणात येणाऱ्या तत्सम शब्दांपुरता संस्कृतचा णत्वाचा नियम मात्र उपयोगी पडतो. एकाच शब्दात आधी ऋ, र किंवा ष आला आणि त्यानंतर ‘न’ आला, तर तो ‘ण’ होतो. मात्र मध्ये केवळ स्वर, अनुस्वार, क-वर्ग, प-वर्ग अथवा य, व, ह एवढेच असावे. च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, श, स किंवा ल यांपैकी काही आडवे आले की हा परिणाम थांबतो. म्हणून ‘आचरण’, ‘चित्रण’, ‘निरूपण’ व ‘रसग्रहण’ यांत ण, परंतु ‘वर्तन’मध्ये त, ‘दर्शन’मध्ये श व ‘रचना’मध्ये च आड आल्यामुळे न. ‘वाचन’ व ‘लेखन’ यांत ऋ, र, ष यांपैकी काहीच नाही, म्हणून तेथे न हाच योग्य. ‘वर्णन’ या शब्दात ण आधीच येऊन बसल्यामुळे त्याच्या पुढचा न बदलत नाही. शीर्षकातील ‘परीक्षण’ यातील क्ष म्हणजे क व ष, तेव्हा तेथील ण विद्यार्थ्याने बरोबर लिहिला आहे. मात्र ‘परि’ व ‘ईक्षण’ यांचा संधी झाल्याने ‘री’ दीर्घच पाहिजे. लेखाच्या मथळ्यावरच ही चूक पुष्कळ अंकांत मोठ्या टायपात छापली जाते, हे मनाला लागते.

या नियमाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ‘गुण’, ‘पुण्य’, ‘वाणी’ यांतील ण मूळचाच आहे. आणि ‘पण’, ‘कोण’, ‘म्हणून’, ‘कोकण’ या मराठीच्या स्वतःच्या शब्दांना हा नियम लागू पडत नाही. ‘करणे’मध्ये ण आणि ‘करून’मध्ये न, हे तर एकाच धातूचे दोन प्रकार. अशा शब्दांसाठी शब्दकोश उघडून खात्री करणे व सापडलेला शब्द वर्गाच्या यादीत नोंदवून ठेवणे, याखेरीज दुसरा मार्ग मला ठाऊक नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचा भाग मी थोडक्यात उरकतो, कारण त्याची चर्चा मागील दोन लेखांकांत झाली आहे. ‘गुरुजी’, ‘गरिबी’, ‘तिचे’ यांत अखेरचे अक्षर दीर्घ असल्यामुळे त्याच्या मागील इकार-उकार ऱ्हस्व. ‘गुरू’, ‘ती’ ही रूपे एकटी असताना मात्र दीर्घान्त, आणि ‘गरीब’ अकारान्त असताना ‘री’ दीर्घ. ‘स्वाभिमान’ व ‘कुटुंब’ हे तत्सम शब्द मुळाप्रमाणे, आणि ‘मारून’, ‘पानापानांतून’ यांतील ‘ऊन’ नेहमीच दीर्घ.

एक प्रश्न शेवटी उरतो, तो उताऱ्याचा. शाळेच्या ग्रंथालयात जुनी प्रत असेल तर तिच्यातील वाक्यांवर आज न उच्चारले जाणारे अनुस्वार आढळतात, कारण ‘श्यामची आई’ प्रथम १९३५ साली प्रसिद्ध झाले, तर आजचे लेखनविषयक नियम साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा व १९७२ साली आणखी चार असे करून मांडले व शासनाने ते स्वीकारले. मुलाने अवतरण जसेच्या तसे उतरवून घेतले असता तपासणाऱ्याचा हात अडखळतो. परंतु याच नियमांत असे स्पष्ट सांगितले आहे, की केशवसुतांपूर्वीचे पद्य व विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळानुसार छापावे, आणि त्यानंतरचे लेखन नव्या नियमांनुसार. साने गुरुजींचे लेखन या सीमेनंतरचे असल्यामुळे अवतरणातील ते अनुस्वार काढणे हे लेखकाच्या शब्दांत हात घालणे नव्हे. मात्र अनुस्वाराखेरीज त्या वाक्यातील एकही शब्द, विशेषतः कोकणी वळणाचा एखादा शब्द, वऱ्हाडात परका वाटला म्हणून बदलू नये. आणि त्याच न्यायाने, मुलाने परीक्षणाच्या अखेरीस ‘मला माझी माय आठवली’ असे लिहिले असेल तर त्या ‘माय’ शब्दाच्या जागी ‘आई’ घालू नये.