दिवसाचा आकडा आणि ताटातील वाटी
मूत्रपिंडविकारात आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याचे वेळापत्रक कसे करावे

मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्या रुग्णाला आहारतज्ज्ञ जो कागद देतात, त्यावर बहुधा संपूर्ण दिवसाचे आकडे असतात. प्रथिने इतकी, मीठ इतके, पाणी इतके. घरातला स्वयंपाक मात्र वेळेच्या आणि वाटीच्या हिशेबाने चालतो. हे दोन हिशेब एकमेकांशी जुळवले नाहीत, तर कागद कपाटात जातो आणि घरात केवळ 'हे खायचे नाही, ते खायचे नाही' एवढेच उरते. मग रुग्ण भीतीपोटी सर्वच कमी खाऊ लागतो, आणि विकारापेक्षा उपासमारीनेच अधिक खंगतो.

जैन कुटुंबात यात आणखी काही अटी येतात. जेवण सूर्यास्तापूर्वी व्हावे लागते, कंदमुळे वर्ज्य असतात, आणि कच्चे दही वा दूध कडधान्याबरोबर घेतले जात नाही. रात्री साडेआठचे जेवण आणि झोपताना दूध लिहिलेला छापील तक्ता अशा घरात निरुपयोगी ठरतो. म्हणून आहारतज्ज्ञांचे आकडे तसेच ठेवून त्यांची मांडणी घराच्या दिनक्रमात करावी लागते.

नमुन्यादाखल एक रुग्ण घेऊ. कापडाचे व्यापारी, वय ६२, वजन ६० किलो. विकार चौथ्या टप्प्यात आहे. डायलिसिस सुरू झालेले नाही आणि मधुमेह नाही. पायांवर थोडी सूज आहे आणि रक्तातील पोटॅशियम किंचित वाढलेले आहे. आहारतज्ज्ञांनी दिलेले आकडे असे: प्रथिने ३६ ग्रॅम, म्हणजे वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.६ ग्रॅम, ऊर्जा १८०० कॅलरी, वरून घालायचे मीठ ४ ग्रॅम, सर्व द्रव मिळून दीड लिटर, आणि पोटॅशियम कमी.

तक्ता करताना पहिली वाटणी प्रथिनांची करावी, कारण ती जवळजवळ प्रत्येक पदार्थात असतात आणि नकळत वाढतात. पंचवीस ग्रॅम कणकेच्या एका फुलक्यात सुमारे अडीच ग्रॅम प्रथिने असतात. तीस ग्रॅम तांदळाच्या भातातही तितकीच, वीस ग्रॅम मूगडाळीत पाच ग्रॅम, शंभर ग्रॅम दह्यात तीन ग्रॅम आणि चहातल्या पन्नास मिलिलिटर दुधात दीड ग्रॅम. एवढे पाच आकडे पाठ असले, तरी दिवसाचा रोजमेळ घालता येतो. वजने सर्वत्र कच्च्या धान्याची धरावीत, कारण शिजल्यावर पाण्यामुळे वजन बदलते. घरासाठी एकत्र वरण करायचे असेल तर शंभर ग्रॅम डाळ शिजवून तिच्या पाच समान वाट्या कराव्यात. त्यातली एक वाटी रुग्णाची.

हिवाळ्यात पुण्यासारख्या ठिकाणी सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. त्या दिवसांसाठी वरील रुग्णाचा तक्ता असा होईल.

| वेळ | पदार्थ आणि माप | प्रथिने (ग्रॅम) | मीठ (ग्रॅम) | पाणी (मिली) |
|---|---|---|---|---|
| ८.०० नवकारशीनंतर | चहा १०० मिली (त्यात दूध ५०), साखर २ चमचे. पोहे ४० ग्रॅम, तेल २ चमचे | ४.५ | १ | २०० |
| १०.३० | सफरचंद १ लहान | ०.५ | – | २०० |
| १२.३० | फुलके ३, भात (तांदूळ ३० ग्रॅम), मूगडाळ १ वाटी (डाळ २० ग्रॅम), दुधीची भाजी १ वाटी. तूप-तेल मिळून ५ चमचे | १६ | १.५ | २०० |
| ३.३० | चहा १०० मिली (त्यात दूध ५०), साखर २ चमचे. घरचा बिनमिठाचा खाखरा १, तूप १ चमचा | ३ | – | २०० |
| ५.३० सूर्यास्तापूर्वी | फुलके २, भात (तांदूळ ३० ग्रॅम), दोडक्याची भाजी १ वाटी, दही १०० ग्रॅम, साखर १ चमचा. तूप-तेल मिळून ५ चमचे | ११.५ | १.५ | ३०० |
| एकूण | | ३५.५ | ४ | ११०० |

येथे चमचा म्हणजे पाच ग्रॅमचा लहान चमचा. डाळ दुपारी आणि दही सायंकाळी ठेवल्यामुळे द्विदळाचा प्रश्न उद्भवत नाही. पाण्याच्या ११०० मिलिलिटरमध्ये दोन चहांचे २००, वरणाचे सुमारे १०० आणि दह्याचे १०० मिळवले की दीड लिटर पुरे होते. सकाळी मोजलेले उकळलेले पाणी एका बाटलीत भरून ठेवावे आणि त्याच बाटलीतून द्यावे, म्हणजे दिवसभर आकडा लिहित बसावा लागत नाही. गोळ्यांबरोबरचे पाणीही त्यातलेच.

तक्त्यात तूप-तेलाचे तेरा चमचे पाहून घरातील मंडळी दचकतात आणि प्रथम तेच कमी करतात. ही चूक महागात पडते. दिवसाच्या अठराशे कॅलरींपैकी जवळजवळ सहाशे याच चमच्यांतून येतात. त्या काढून घेतल्या तर शरीर ऊर्जेसाठी स्वतःचे स्नायू जाळते. त्यातून रक्तातील युरिया वाढतो आणि कमी प्रथिने खाण्याचा हेतूच फसतो. रुग्णास हृदयविकार वा मधुमेह असेल तर तेल, तूप आणि साखर यांचे प्रमाण आहारतज्ज्ञांनीच ठरवावे; घरच्यांनी परस्पर कापू नये.

मिठासाठी सर्वांत सोपा उपाय डबीचा. सकाळी चार ग्रॅम, म्हणजे लहान सपाट चमच्याचा पाऊण भाग मीठ रुग्णाच्या डबीत काढावे. कणकेत आणि भातात मीठ घालू नये. रुग्णाची भाजी आणि वरण मीठ टाकण्यापूर्वी वेगळे काढून त्यात डबीतले मीठ घालावे. बाजारचा खाखरा, पापड, लोणचे आणि फरसाण यांत मीठ असतेच. पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतूनही सोडियम येते. सैंधव हेही मीठच आहे, त्याने सोडियम वाचत नाही. 'कमी सोडियमचे' म्हणून विकले जाणारे मीठ तर अधिक धोक्याचे, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते आणि अशा रुग्णात ते हृदयाची लय बिघडवू शकते.

पोटॅशियमच्या बाबतीत जैन घरांत एक गैरसमज हमखास आढळतो. मूत्रपिंडाच्या रुग्णाने बटाटा जपून खावा असे सांगितले जाते. आपल्याकडे बटाटा नसतोच, म्हणून घरचे निश्चिंत होतात. परंतु बटाट्याच्या जागी आपण जे कच्चे केळे वापरतो, त्यातही पोटॅशियम भरपूर असते. कांद्याच्या अभावी रस्सा दाट करण्यासाठी चार-पाच टोमॅटो आटवले, तर तेही तसेच. म्हणून तक्त्यात दुधी, दोडका यांसारख्या सौम्य भाज्या ठेवल्या आहेत. इतर भाज्या बारीक चिरून, भरपूर कोमट पाण्यात काही तास भिजवाव्यात, ते पाणी टाकावे, नव्या भरपूर पाण्यात उकळाव्यात आणि तेही पाणी टाकून मग फोडणी द्यावी. पोटॅशियम पाण्यात उतरते आणि पाण्याबरोबर जाते. कुकरमध्ये थोड्या पाण्यात वाफवून तेच पाणी भाजीत जिरवले, तर काहीच साधत नाही.

अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी होत नाही, तेव्हा तक्ता हमखास मोडतो. भाजीच्या जागी मटकी वा चणे येतात, शिवाय वरणही असतेच. तीस ग्रॅम मटकीतून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने अधिक जातात. दोन्ही वेळा केली तर बारा ग्रॅम, म्हणजे दिवसाच्या वाट्याचा तिसरा हिस्सा. अशा तिथीसाठी वेगळा तक्ता आधीच करून ठेवावा. दुपारी तीच एक वाटी मूगडाळ जरा दाट करून फुलक्याबरोबर द्यावी आणि सायंकाळी फुलक्याला तूप-साखर व भातावर दही द्यावे. दुसरे कडधान्य करायचेच असेल तर ते डाळीच्या जागी करावे, डाळीबरोबर नव्हे. आयंबिलात तूप, तेल, दूध आणि साखर नसते. त्या दिवशी ऊर्जा कोसळते आणि कडधान्याचा वाटा वाढतो. आयंबील, एकासणा वा उपवास करण्याची रुग्णाची इच्छा असेल, तर ती तक्ता करतानाच वैद्यांपुढे ठेवावी.

तक्त्याला औषधांचा एक रकाना जोडणे आवश्यक आहे. रक्तातील फॉस्फरस आवरण्यासाठी दिलेली गोळी अन्नातला फॉस्फरस पोटातच बांधून ठेवते. म्हणून ती जेवणाबरोबरच घ्यावयाची असते. जेवणानंतर दोन तासांनी घेतली तर व्यर्थ जाते. रात्री दहाची गोळी चौविहार पाळणाऱ्या रुग्णाकडून एक तर राहून जाते, नाही तर तो ती पाण्याविना गिळतो. अशा वेळी वेळ आपण न बदलता डॉक्टरांना दिनक्रम सांगून ती सायंकाळच्या जेवणावर बसते का, हे विचारावे. उन्हाळ्यात सूर्यास्त सव्वासातपर्यंत लांबतो आणि नवकारशीही लवकर होते. तेव्हा माप तेच ठेवून वेळा पुढे-मागे कराव्यात आणि बाटलीतले पाणी वाढलेल्या तासांत विभागावे.

तक्ता लागू पडतो आहे की नाही, हे रोज सकाळी लघवीनंतर, खाण्यापूर्वी घेतलेले वजन सांगते. दोन दिवसांत किलोभर वजन वाढले आणि सूजही वाढली, तर मीठ वा पाणी कोठून तरी अधिक जात आहे. वजन आठवड्यामागून आठवडा उतरत असेल आणि सदरा सैल होत असेल, तर रुग्ण पुरेसे खात नाही. अशा वेळी सुजेमुळे खरी झीज झाकली जाते, हेही ध्यानात ठेवावे. चोवीस तासांची लघवी साठवून तपासली, तर प्रत्यक्षात किती मीठ आणि किती प्रथिने खाल्ली गेली याचा अंदाज डॉक्टरांना येतो. घरच्या वहीपेक्षा ही तपासणी अधिक खरी.

हा तक्ता दुसऱ्या रुग्णाने उतरवून घेऊ नये. कोणाला आहारतज्ज्ञ किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिने देतात. कोणाला सूज नसते आणि पाण्यावर बंधनही नसते. त्याच रुग्णाचे डायलिसिस सुरू झाले की हाच तक्ता त्याला अपायकारक ठरतो. डायलिसिसमध्ये प्रथिने बाहेर जातात, त्यामुळे त्यांची गरज किलोमागे एक ग्रॅम वा त्याहून अधिक होते. म्हणजे साठ किलोच्या माणसाला छत्तीसऐवजी साठ ग्रॅम किंवा जास्त. म्हणून तक्त्याच्या माथ्यावर तो केल्याची तारीख, त्या दिवशीचे वजन आणि पुढील तपासणीचा दिवस लिहावा. नवा अहवाल आला की आहारतज्ज्ञांकडून नवे आकडे घ्यावेत आणि जुना कागद भिंतीवरून काढून टाकावा.