विलंब नेमका कोठे सुरू होतो?

घाटंजी तालुक्यातील एखाद्या ग्रामपंचायतीत दाखल्याचा अर्ज भरावयास घेतला आणि पडद्यावर पान उघडेना, म्हणजे दोष बहुधा दूरच्या सर्व्हरला दिला जातो. तो दोष खरोखर कोठे आहे, हे एका साध्या आज्ञेने पडताळता येते. विंडोज संगणकाच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये `tracert -d` लिहून पुढे संकेतस्थळाचे नाव द्यावे. पाठविलेला पहिला संदेश वाटेतील पहिल्या राउटरपाशी संपतो, पुढचा दुसऱ्यापाशी, आणि तसे कळविणारे उत्तर परत येते. या जाण्यायेण्याचा वेळ प्रत्येक टप्प्यासाठी तीनदा मोजला जातो. उदाहरणादाखल, पडद्याच्या छायाचित्रात पुढील ओळी दिसल्या असे समजू.

```
1    2 ms    1 ms    2 ms  192.168.1.1
2   96 ms  104 ms   91 ms  10.20.0.1
3   98 ms  101 ms   95 ms  203.0.113.9
4    *       *       *     Request timed out.
5  240 ms  236 ms  251 ms  198.51.100.1
6  112 ms  108 ms  115 ms  198.51.100.20
```

येथील प्रत्येक आकडा आपल्या संगणकापासून त्या टप्प्यापर्यंतचा एकूण वेळ आहे. म्हणून सर्वांत मोठा आकडा शोधू नये; जेथे वेळ वाढला आणि अखेरपर्यंत वाढलेलाच राहिला, ती ओळ शोधावी. पाचव्या ओळीतील २४० सहाव्या ओळीत टिकलेले नाहीत. तो राउटर पुढचे संदेश वेळेवर पाठवितो, फक्त स्वतःचे उत्तर सवडीने देतो. चौथ्याने उत्तर दिले नाही, एवढाच तारकांचा अर्थ. विलंब सुरू होतो तो दुसऱ्या ओळीत.

हा विलंब अंतराचा नव्हे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. दुसरा राउटर सुमारे ७०० किलोमीटरवरील मुंबईत असला, तरी जाऊनयेऊन ७ मिलिसेकंद पुरतात. वळणाच्या वाटेसाठी आणखी काही धरावेत. उरलेला वेळ कार्यालयाच्या राउटरपासून सेवापुरवठादाराकडे जाणाऱ्या जोडणीवर रांगेत अथवा बिघाडात जातो.

या दोहोंपैकी कारण कोणते, हे ठरविण्यासाठी कार्यालयातील इतर संगणक, भ्रमणध्वनी व कॅमेरे जोडणीपासून अलग करून चाचणी पुन्हा घ्यावी. दुसरी ओळ ५ ते १० मिलिसेकंदांवर उतरली, तर जोडणी आपल्याच वापराने भरली होती. मोठ्या फायली सायंकाळी पाठविणे हा त्यावरील उपाय होय. ती उतरली नाही, तर दोन्ही वेळांची छायाचित्रे तारखेसह सेवापुरवठादाराकडे पाठवावीत.

पहिलीच ओळ मोठी असती, तर दोष कार्यालयातील वायफायकडे जातो. संगणक तारेने जोडून पाहावा. वाढ केवळ शेवटच्या ओळीत असती, तरच सर्व्हरकडे अथवा त्याच्या जोडणीकडे बोट दाखविता येते. सर्व ओळी लहान असूनही पान उघडण्यास वेळ लागत असेल, तर ही चाचणी अपुरी ठरते. कारण ती विलंब मोजते, जोडणीची वहनक्षमता नव्हे.