सात दिवसांचे किट संपले, जंतू मात्र तिथेच

जठराच्या आतल्या आवरणावर चिकटून राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू अल्सरचे मोठे कारण आहे. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी ते दाखवून दिले आणि 2005 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून अल्सर हा औषधाने कायमचा बरा होऊ शकणारा आजार ठरला. तरीही औषधांचा कोर्स पूर्ण करून महिन्याभरात पुन्हा पोट धरून येणारे रुग्ण कमी नाहीत. अशा वेळी बहुतेक जण एकच गोष्ट करतात. जुनी चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून तेच किट पुन्हा आणतात. इथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते.

हे एका उदाहरणाने पाहू. समजा, घोलवडच्या एका चिकूवाडीत काम करणारे बेचाळीस वर्षांचे गृहस्थ आहेत. दुर्बिणीच्या तपासणीत लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर दिसला, तिथेच घेतलेल्या तुकड्याची चाचणीही पॉझिटिव्ह आली. त्यांना सात दिवसांचे किट मिळाले. त्यात आम्ल कमी करणारी गोळी, क्लॅरिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिसिलिन ही औषधे होती. पाच आठवड्यांनी उपाशीपोटी जळजळ पुन्हा सुरू झाली.

आता पहिला प्रश्न असा की जंतू खरोखर शिल्लक आहे का? जळजळ पित्तामुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळेही होते, त्यामुळे लक्षणांवरून ठरवता येत नाही. त्यासाठी शौचाची अँटिजेन चाचणी किंवा श्वासाची युरिया चाचणी करावी लागते. प्रतिजैविके संपून किमान चार आठवडे झालेले असावेत आणि पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या गोळ्या दोन आठवडे बंद असाव्यात. या गोळ्यांमुळे जंतू दबून राहतो आणि चाचणी खोटी निगेटिव्ह येते. मधल्या काळात जळजळ झाली तर पातळ अँटासिड घेता येते. ज्यांना अल्सरमधून रक्तस्राव झालेला आहे त्यांनी मात्र या गोळ्या स्वतःहून थांबवू नयेत. रक्तातील अँटिबॉडीची चाचणी इथे निरुपयोगी आहे, कारण जंतू गेल्यावरही ती बरेच महिने पॉझिटिव्ह राहते.

आपल्या गृहस्थांची शौचाची चाचणी पॉझिटिव्ह आली. मग दुसरा प्रश्न: औषध का लागू पडले नाही? त्यांनी एकही गोळी चुकवली नव्हती. पण आदल्या वर्षी खोकल्यासाठी दोनदा ॲझिथ्रोमायसिन घेतले होते आणि जुलाबांवर ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी. ही माहिती फार मोलाची आहे. ॲझिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन एकाच घराण्यातली औषधे आहेत. सर्दी-खोकल्यासाठी घेतलेल्या गोळ्यांनी जठरातला जंतूही त्या घराण्याला सरावतो. तसेच ओफ्लॉक्सासिनमुळे तो लिव्होफ्लॉक्सासिनला सरावतो. भारतात क्लॅरिथ्रोमायसिन, मेट्रोनिडाझोल आणि लिव्होफ्लॉक्सासिन या तिघांनाही दाद न देणारे जंतू मोठ्या प्रमाणात आढळतात. अमॉक्सिसिलिन आणि टेट्रासायक्लिनला मात्र ते अजून बहुतांशी दाद देतात.

त्यावरून दुसऱ्या कोर्सचा नियम निघतो: एकदा अपयशी ठरलेले क्लॅरिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन पुन्हा वापरायचे नाही. या गृहस्थांसाठी योग्य पर्याय म्हणजे बिस्मथ असलेला चार औषधांचा कोर्स, तोही पूर्ण चौदा दिवस. त्यात आम्ल कमी करणारी गोळी सकाळी व रात्री जेवणाआधी अर्धा तास, बिस्मथ दिवसातून चार वेळा, टेट्रासायक्लिन 500 मिलिग्रॅम चार वेळा आणि मेट्रोनिडाझोल तीन किंवा चार वेळा असते. जंतू मेट्रोनिडाझोलला सरावलेला असेल तरी मोठा डोस, बिस्मथची जोड आणि चौदा दिवसांची मुदत यामुळे बऱ्याच अंशी मात करता येते. टेट्रासायक्लिन दुकानात मिळाले नाही म्हणून त्याऐवजी डॉक्सिसायक्लिन घेऊ नये. नाव जवळचे वाटले तरी त्याचे यश कमी आहे. गर्भवतींना आणि आठ वर्षांखालील मुलांना टेट्रासायक्लिन देत नाहीत, तेव्हा वेगळा मार्ग निवडावा लागतो.

दिवसाला तेरा-चौदा गोळ्या म्हटल्यावर त्रास होणारच. तो आधी माहीत असला तर कोर्स अर्ध्यावर सुटत नाही. तोंड कडू होणे, धातूसारखी चव, मळमळ आणि पातळ शौच हे सर्वांत सामान्य. जेवणानंतर गोळ्या घेतल्या की मळमळ कमी होते. बिस्मथमुळे जीभ आणि शौच काळे पडते. औषध संपल्यावर रंग आपोआप पूर्ववत होतो. पण शौच डांबरासारखे चिकट आणि उग्र वासाचे असेल, सोबत चक्कर किंवा घाम येत असेल, तर तो रक्तस्राव समजून ताबडतोब रुग्णालय गाठावे. अंगावर पित्ताच्या गांधी, ओठांची सूज, धाप किंवा रक्त पडणारे जुलाब असे काही झाल्यास गोळ्या थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावे.

आपल्या भागासाठी तीन सूचना महत्त्वाच्या आहेत. मेट्रोनिडाझोल सुरू असताना आणि संपल्यावर तीन दिवस ताडी, माडी किंवा दारू घेऊ नये, कारण उलट्या, धडधड आणि चेहरा लाल होण्याचा त्रास होऊ शकतो. टेट्रासायक्लिन दुधासोबत घेतले तर दुधातील कॅल्शियम त्याला बांधून ठेवते आणि औषध रक्तात पोचत नाही. ते साध्या पाण्यासोबत घ्यावे, दूध-दह्यामध्ये दोन तासांचे अंतर ठेवावे. रक्तवाढीसाठी मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांबाबतही हेच लागू आहे, म्हणून त्या किती दिवस थांबवायच्या ते डॉक्टरांना विचारावे. आणि टेट्रासायक्लिन घेणाऱ्याची त्वचा उन्हाने लवकर भाजते, म्हणून वाडीत काम करताना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डोक्यावर टोपी असावी.

कोर्स संपल्यावर चार आठवड्यांनी चाचणी पुन्हा करायची. हा टप्पा सर्वांत जास्त वगळला जातो. चाचणी निगेटिव्ह आली की जंतू गेला. प्रौढांमध्ये तो लगेच पुन्हा होण्याची शक्यता कमी असते.

दोन कोर्स होऊनही चाचणी पॉझिटिव्ह राहिली, तर तिसरा कोर्स अंदाजाने देऊ नये. पोटविकारतज्ज्ञांकडून दुर्बिणीने तुकडा घेऊन जंतू कोणत्या औषधाला दाद देतो, हे तपासणे शक्य असेल तर ते करावे. ते जमले नाही तर, ज्यांना पेनिसिलिनची ॲलर्जी नाही त्यांच्यासाठी मोठ्या डोसचे अमॉक्सिसिलिन, दिवसातून तीन-चार वेळा, आम्ल कमी करणाऱ्या औषधाच्या मोठ्या डोससह चौदा दिवस, असा पर्याय उरतो. रिफाब्युटिन हे औषधही जंतूवर चालते, पण ते क्षयरोगावरच्या औषधांच्या घराण्यातले आहे. क्षयाचे रुग्ण जिथे मोठ्या संख्येने आहेत, तिथे ते तज्ज्ञांनीच आणि शेवटी वापरायचे असते.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना पहिल्या किटची रिकामी पाकिटे आणि गेल्या वर्षभरात घेतलेल्या गोळ्यांची यादी सोबत न्या. दुसरा कोर्स कोणता द्यायचा, हे त्या पाकिटांवर अवलंबून असते.