चार्टवरची तेजी, खिशातली मंदी

२० एप्रिल २०२० हा सोमवार कच्च्या तेलाच्या व्यापाऱ्यांना जन्मभर विसरता येणार नाही. अमेरिकेतल्या डब्ल्यूटीआय तेलाचा मे महिन्याचा वायदा त्या दिवशी उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. करोनामुळे तेलाचा खप आटला होता आणि या वायद्याची डिलिव्हरी जिथे घ्यावी लागते, त्या ओक्लाहोमातल्या कुशिंग गावच्या टाक्यांमध्ये जागा उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी वायदा संपणार होता. तेल ठेवायला जागा नसलेल्यांनी पदरचे पैसे देऊन सौद्यातून अंग काढून घेतलं. मुंबईतल्या एमसीएक्सवर लॉकडाऊनमुळे व्यवहार संध्याकाळी पाचलाच थांबले होते. रात्री अमेरिकेत भाव कोसळला आणि इथला एप्रिलचा वायदा उणे २,८८४ रुपयांना निकाली निघाला.

याच दिवसाचा एक सलग चार्ट असाही काढता येतो, ज्यात तेल जवळजवळ बारा टक्क्यांनी वधारलेलं दिसतं. त्यातला एकही आकडा खोटा नसतो. हे कसं घडतं ते समजलं, की कमोडिटीच्या चार्टवर कशाचा भरवसा धरावा हेही समजतं.

कंपनीचा शेअर वर्षानुवर्षं तोच राहतो. वायद्याचं तसं नसतं. मेचा वायदा, जूनचा वायदा, जुलैचा वायदा असे ते वेगवेगळे सौदे असतात. प्रत्येकाचा भाव वेगळा आणि प्रत्येकाला शेवटची तारीख. एकाच वायद्याचा चार्ट काढला, तर भरपूर उलाढालीचे दिवस थोडेच मिळतात. म्हणून चार्टची सॉफ्टवेअर एकापुढे एक वायदा जोडून सलग रेघ तयार करतात. ट्रेडिंगव्ह्यूवर `CL1!` किंवा `CRUDEOIL1!` असं दिसतं, ती ही जोडलेली रेघ. जुना वायदा सोडून नव्यावर जाणं म्हणजे रोलओव्हर.

अडचण या सांध्यावर येते. शुक्रवार, १७ एप्रिलला मेचा वायदा १८.२७ डॉलरवर बंद झाला होता, तर जूनचा २५.०३ डॉलरवर. एकाच दिवशी, एकाच तेलाचे दोन भाव, फरक ६.७६ डॉलरचा. पुढच्या महिन्याचा भाव असा चढा असतो त्याला कंटँगो म्हणतात. सोन्यात हा फरक मुख्यतः अडकलेल्या पैशाच्या व्याजाचा असतो, तेलात साठवणुकीचा खर्च मोठा असतो. त्या आठवड्यात टाकीतली जागाच दुर्मीळ झाल्यामुळे फरक इतका फुगला.

समजा, तुमच्या चार्टने शुक्रवारी मेचा भाव घेतला आणि सोमवारपासून जूनचा. सोमवारी जून २०.४३ वर बंद झाला. चार्टवर १८.२७ नंतर थेट २०.४३ आले, म्हणजे २.१६ डॉलरची तेजी. पण जूनचा वायदा घेऊन बसलेल्या माणसाने २५.०३ वरून २०.४३ पर्यंतची घसरण सोसली. अठरा टक्क्यांचं नुकसान. हजार पिंपांच्या एका लॉटमागे ४,६०० डॉलर गेले आणि चार्ट २,१६० डॉलरचा फायदा दाखवतो आहे.

डोळ्यांनी चार्ट पाहणाऱ्याला तारीख आठवून शंका तरी येईल. इंडिकेटरला ती सोय नाही. त्याला एकच कळतं, कालचा आकडा आणि आजचा आकडा. चौदा दिवसांचा आरएसआय घ्या. हिशेब सोपा राहावा म्हणून धरू, की त्याच्या सरासरीत आधी रोज एक डॉलरची चढ आणि एक डॉलरची उतर होती, म्हणजे आरएसआय ५० होता. जोडलेल्या चार्टवरची २.१६ ची चढ धरली तर तो ५४ च्या जवळ जातो. खरी ४.६० ची घसरण धरली तर साडेबेचाळीसपर्यंत उतरतो. एक आकडा जोर वाढल्याचं सांगतो, दुसरा मंदी घट्ट झाल्याचं.

हा दोष त्याच दिवशी धुऊन निघत नाही. वीस दिवसांच्या मूव्हिंग ॲव्हरेजमध्ये रोलओव्हरनंतर पहिल्या दिवशी एकोणीस भाव जुन्या वायद्याचे आणि एकच नव्याचा असतो. कंटँगोत जुने भाव खालच्या पातळीवरचे, त्यामुळे सरासरी खाली राहते आणि नवा भाव तिला ओलांडून वर गेल्यासारखा दिसतो. खरेदीचा इशारा मिळतो, पण बाजारात कोणी खरेदी केलेली नसते. जुना शेवटचा भाव सरासरीतून बाहेर पडेपर्यंत, म्हणजे एकोणीस सत्रं, ही भेसळ टिकते.

उपाय म्हणून सांध्यावरचा फरक मागच्या सगळ्या भावांत मिळवतात. इथे जुन्या प्रत्येक भावात ६.७६ घातले, की शुक्रवारचा १८.२७ हा २५.०३ होतो आणि सोमवारची घसरण बरोबर ४.६० दिसते. याला बॅक-ॲडजस्टमेंट म्हणतात. इंडिकेटर आता खरं बोलतो, पण किंमत मोजावी लागते. प्रत्येक रोलओव्हरचा फरक मागे साचत जातो आणि काही वर्षांपूर्वीचे भाव असे दिसतात, ज्यांवर कधी एकही सौदा झाला नव्हता. अशा चार्टवर जुना उच्चांक शोधून तिथे आधाराची किंवा अडथळ्याची रेघ मारणं व्यर्थ आहे.

दुसरी पद्धत गुणोत्तराची. २५.०३ ला १८.२७ ने भागायचं आणि येणाऱ्या १.३७ ने मागचे भाव गुणायचे. टक्केवारीतले बदल त्यामुळे जसेच्या तसे राहतात. मात्र रोलओव्हर सोमवारच्या बंद भावावर केला असता, तर २०.४३ ला उणे ३७.६३ ने भागावं लागलं असतं. उत्तर उणे आलं असतं आणि त्याआधीचा सगळा इतिहास शून्याखाली गेला असता. म्हणून रोलओव्हर कधी करायचा हेही महत्त्वाचं. शेवटच्या दिवसापर्यंत न थांबता, उलाढाल आणि ओपन इंटरेस्ट पुढच्या महिन्यात सरकले की सांधा बदलणं अधिक सुरक्षित.

तुमच्या चार्टमध्ये ही खोट आहे का, ते ओळखायला दोन गोष्टी पुरतात. मोठी गॅप दिसली की तारीख पाहा. एमसीएक्सवर तेलाचा वायदा दर महिन्याला संपतो, सोन्याचा मोठा वायदा दोन महिन्यांनी. गॅप त्याच सुमाराला पुन्हा पुन्हा पडत असेल, तर संशय घ्या. मग नव्या महिन्याच्या वायद्याचा स्वतंत्र चार्ट उघडून तोच दिवस बघा. तिथे गॅप नसेल, तर ती बाजाराची नव्हे, सांध्याची.

न जोडजमाव केलेल्या चार्टवर भाव खरा असतो, पण सांध्यावरचा बदल खोटा. ॲडजस्ट केलेल्या चार्टवर बदल खरा असतो, पण जुना भाव खोटा. दोन्ही एकाच रेघेत मिळत नाहीत. म्हणून आरएसआय, सरासरी आणि जुन्या आकड्यांवर घेतलेल्या चाचण्या ॲडजस्ट केलेल्या चार्टवर कराव्यात. प्रत्यक्ष ऑर्डरचा भाव आणि स्टॉपलॉस मात्र ज्या महिन्यात सौदा करणार, त्याच वायद्याच्या चार्टवरून ठरवावा.