'म्हणाला' की 'म्हणला'?

'तो म्हणला' असं लिहिलेल्या उत्तरपत्रिकेवर लाल रेघ ठरलेली. भाषाविज्ञानाच्या पदवी वर्गाचं टिपण नेमकं इथून सुरू करता येतं. प्रमाण लेखनात 'म्हणाला' हवं, हा आदेशात्मक व्याकरणाचा निवाडा.

वर्णनात्मक व्याकरण मात्र वेगळं विचारतं: 'म्हणला' कोण, कुठे, कशा प्रसंगी म्हणतं आणि त्यामागे कोणता नियम आहे? बसला, उठला, हसला या रूपांत धातूला थेट 'ला' लागतो. निघाला, मिळाला, उडाला अशा थोड्या क्रियापदांत मध्ये 'आ' येतो. 'म्हणला' म्हणणारा या धातूला पहिल्या, मोठ्या गटात नेतो. म्हणजे त्याच्या बोलण्यात नियम आहेच, फक्त तो पाठ्यपुस्तकातला नाही. उलट 'तो बसाला' असं मराठी बोलत मोठा झालेला माणूस सहसा म्हणत नाही. ती खरी चूक, कारण ती बोलणाऱ्यांनाच खटकते.

विद्यार्थी इथे हमखास एक गल्लत करतात: वर्णन म्हणजे सगळं चालतं, असं समजतात. अर्जात 'म्हणला' लिहिलं तर वाचणारा नाक मुरडू शकतो, आणि ही नापसंतीसुद्धा वर्णनात नोंदवायची असते.