तोंडाने श्वास घेणारे मूल : घोरणे, बधिर कान आणि अपुरी झोप

काही मुले सर्दी नसतानाही सदैव तोंड उघडे ठेवून असतात. रात्री घोरतात, एका हाकेला ओ देत नाहीत आणि सकाळी उठताना किरकिर करतात. घरी याला ‘सवय’ म्हणतात, शाळेत ‘लक्ष नसणे’. या तिन्ही तक्रारींचे मूळ पुष्कळदा एकाच ठिकाणी असते.

नाकाच्या मागे, टाळूच्या वरच्या पोकळीत टॉन्सिलसारख्याच ऊतींचा एक गोळा असतो. त्याला ॲडिनॉइड म्हणतात. श्वासाबरोबर येणाऱ्या जंतूंची ओळख शरीराला करून देणे हे त्याचे काम. दोन ते सात वर्षांच्या दरम्यान तो सर्वांत मोठा असतो आणि पौगंडावस्थेपर्यंत बहुधा आक्रसून जातो. वारंवारच्या सर्दीने किंवा ॲलर्जीने तो सुजला, की लहान मुलाची ती अरुंद पोकळी भरून जाते. तोंड उघडून पाहिले तरी तो दिसत नाही, कारण तो टाळूच्या आड असतो. म्हणूनच पालकांच्या तो ध्यानात येत नाही. कोपनहेगनचे डॉक्टर विल्हेल्म मेयर यांनी १८६८ साली या विकाराचे सविस्तर वर्णन केले. ऐकू कमी येणे आणि बोलणे अस्पष्ट होणे यांचा संबंध नाकामागील या वाढीशी आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

उदाहरणादाखल वसतिगृहात राहणारा, दुसरीतील सात वर्षांचा एक मुलगा डोळ्यांसमोर आणू. जागेपणी तो तोंडाने श्वास घेऊन निभावून नेतो. झोपेत मात्र घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि आधीच अरुंद झालेली वाट आणखी आवळते. त्या फटीतून जाणाऱ्या हवेने मऊ टाळू थरथरतो, तेच घोरणे. मधूनच वाट पूर्ण बंद होते. छाती हलते, पण आवाज थांबतो; काही क्षणांनी मूल धापेसारखा श्वास घेऊन कूस बदलते. प्रत्येक वेळी मेंदू अर्धवट जागा होतो. म्हणून नऊ-दहा तास अंथरुणात पडूनही या मुलाची झोप पुरी होत नाही. मोठी माणसे अशा वेळी दिवसा पेंगतात. मुले उलट चिडचिडी आणि चंचल होतात. काहींना पुन्हा अंथरूण ओले करण्याची तक्रार सुरू होते.

कानाचे कारण निराळे आहे. मध्यकर्णात हवा पोहोचवणारी युस्टेशियन नलिका याच पोकळीत, ॲडिनॉइडच्या शेजारी उघडते. तिचे तोंड दबले किंवा सुजले, की मध्यकर्णातील हवा शोषली जाते, पडदा आत ओढला जातो आणि मागे चिकट द्रव साठतो. कान दुखत नाही, वाहत नाही. फक्त सुमारे २५ ते ३० डेसिबलने ऐकू कमी येते. समोरासमोरचे बोलणे या मुलाला कळते, पण शेवटच्या बाकावर शिक्षकांचे निम्मे शब्द निसटतात. नाक बंद असल्याने उच्चारही बदलतात : ‘मामा’चे ‘बाबा’ आणि ‘नाना’चे ‘दादा’ ऐकू येते.

अशा मुलाला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्यावे. ते नाकातून बारीक दुर्बीण घालून किंवा मानेचा बाजूने क्ष-किरण काढून वाढ पाहतात, आणि टिंपॅनोमेट्रीने पडद्यामागे द्रव आहे का हे तपासतात. दुर्बिणीची नोंद सोबत नेता आली नाही, तरी झोपलेल्या मुलाचे एक-दोन मिनिटांचे मोबाइल-चित्रण जरूर न्यावे.

प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागते असे नाही. मिठाच्या पाण्याचे थेंब आणि डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइडचा फवारा काही आठवडे नियमित वापरल्यास अनेकांची सूज उतरते. झोपेत श्वास अडत नसेल, तर कानातील द्रवासाठीही सुमारे तीन महिने वाट पाहतात, कारण तो बऱ्याचदा आपोआप ओसरतो. श्वास अडत असेल किंवा ऐकू कमीच येत राहिले, तर पूर्ण भूल देऊन ॲडिनॉइड काढतात. गरजेनुसार कानाच्या पडद्यात ग्रोमेट ही इवली नळी बसवतात. त्यापूर्वी टाळू आणि पडजीभ नीट तपासणे आवश्यक असते : टाळूत लपलेली फट असेल, तर ॲडिनॉइड काढल्यावर बोलताना हवा नाकातून निसटू लागते. शस्त्रक्रियेनंतर ताजे रक्त आले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

ॲडिनॉइड काढल्यावरही काही मुले तोंड उघडेच ठेवतात. तेव्हा ॲलर्जी, मोठे टॉन्सिल किंवा पुन्हा झालेली वाढ यांचा शोध घ्यावा लागतो. मुलाला रागावून तोंड मिटवायला लावण्यात अर्थ नाही. नाकाची वाट बंद असेपर्यंत त्याला दुसरा मार्गच नसतो.